हनीपॉट लावला आणि आयएसपीची नोटीस आली. चूक नेमकी कुठे झाली?

महापेकर_अभि (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या एका चाळीस माणसांच्या कंपनीत मी आयटी बघतो. 'बघतो' म्हणजे प्रिंटरचा कागद अडकण्यापासून फायरवॉलपर्यंत सगळं मीच.

आमच्याकडे पाच स्टॅटिक आयपी आहेत आणि त्यातला एक रिकामा पडून होता. एक जुना डेस्कटॉपही होता. दोन-तीन व्हिडिओ पाहिले, त्यावर उबुंटू टाकलं आणि काउरी नावाचा हनीपॉट बसवला. बाहेरून पोर्ट २२ वर येणारं सगळं आतल्या २२२२ वर वळवलं. तिथे खोटं लिनक्स ऐकत बसलेलं. आलेला माणूस काय टाईप करतो ते सगळं नोंदलं जातं, पण त्याच्या हाती खरं काहीच लागत नाही, असं मी समजत होतो.

पहिल्या दिवशी लॉग बघून हरखलो. आठवड्यात अकरा हजारांवर प्रयत्न. आयपी बरेचसे चीन, व्हिएतनाम, नेदरलँड्सचे. त्याहून धक्कादायक म्हणजे कित्येक जण पहिल्याच फटक्यात `root` म्हणून आत! आमच्या कंपनीवर कुणाचा तरी डोळा आहे असं मी साहेबांना सांगूनही टाकलं.

आणि नवव्या दिवशी आयएसपीची मेल. तुमच्या अमुक आयपीवरून एका वेबसाइटवर सतत रिक्वेस्ट जात आहेत, चोवीस तासांत थांबवा, नाहीतर लाइन बंद करू. आयपी हनीपॉटचाच. आता मला सांगा, शेल खोटं, फाइली खोट्या, तर ट्रॅफिक खरं कसं बाहेर गेलं? मशीन हॅक झालंय का? सध्या केबल काढून ठेवली आहे. साहेब दर तासाला केबिनमधून मान बाहेर काढून बघतायत.

---

बिनधास्त_बाळ्या

अभि, घाबरू नकोस. हनीपॉटचा फायदाच हा असतो की हल्लेखोर तिथे गुंतून राहतो आणि खऱ्या सर्व्हरकडे जात नाही. तुझा हनीपॉट काम करतोय. आयएसपीवाल्यांना काही कळत नाही, त्यांना सांग की हे सिक्युरिटी रिसर्च आहे. बाकी जे आयपी येतायत त्यांची यादी करून उलट त्यांच्यावरच स्कॅन मार. बघ कसे पळतात.

---

रेवती_कळवा

बाळ्या, उलट स्कॅनचा सल्ला कृपया मागे घे. समोरचा आयपी बहुतेक वेळा कुणाचं तरी आधीच लुटलेलं राउटर नाहीतर भाड्याचं मशीन असतं. त्यावर हात टाकलास तर आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तूच येशील. आणि 'गुंतून राहतो' हे अर्धंच खरं आहे. समोर माणूस असेल आणि तो आत शिरून चाचपडत असेल तर त्याचा वेळ खरंच खर्च होतो. पण हे बॉट आहेत. एका आयपीवर गुंतलेला बॉट शेजारच्या चार आयपींनाही त्याच मिनिटाला ठोकतच असतो.

आता अभि, तुझं. आधी पासवर्डचं सांगते, कारण त्यावरून तू साहेबांना चुकीचं सांगून बसला आहेस. काउरीच्या `etc` फोल्डरमध्ये `userdb.txt` असते. तिचा मूळ नमुना असा आहे की `root` ला `root` आणि `123456` असे एक-दोन पासवर्ड सोडून बाकी कुठलाही पासवर्ड चालतो. त्यामुळे 'पहिल्या फटक्यात आत' यात हल्लेखोराची काही करामत नाही. दार तूच सताड उघडं ठेवलंस.

दुसरं, चीन-व्हिएतनाम. तो देश मशीनचा आहे, माणसाचा नाही. आणि तुझ्या शेजारच्या गाळ्यातल्या आयपीवर हनीपॉट लावला असतास तरी हेच आकडे आले असते. पोर्ट २२ उघडं असलेला प्रत्येक पत्ता हे लोक ठोकतात. यावरून 'आमच्यावर डोळा आहे' असा निष्कर्ष निघत नाही.

नोटिशीचं म्हणशील तर मला अंदाज आहे, पण आधी हे चालवून आउटपुट इथे टाक. केबल न लावताही चालेल.

```
cd var/log/cowrie
jq -r 'select(.eventid|startswith("cowrie.session.file_download")) | .url' cowrie.json* | sort | uniq -c | sort -rn | head
```

---

सोसायटी_सेक्रेटरी

खारघरहून लिहितो आहे. हनीपॉट म्हणजे काय ते नीटसं कळलं नाही, पण पासवर्डचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत आणि डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये. मोबाइलवर दिसावं म्हणून बसवणाऱ्या माणसाने राउटरमध्ये काहीतरी 'पोर्ट' उघडून दिलं होतं. गेले दोन महिने संध्याकाळी इंटरनेट अगदी रेंगाळतं. कंपनीवाला म्हणतो लाइन ठीक आहे. हे त्यातलंच काही असेल का?

---

महापेकर_अभि

रेवतीताई, आउटपुट बघून डोळे पांढरे झाले. सगळ्यात वर एकच यूआरएल, ६२१४ वेळा. कुठल्याशा गेमिंग साइटचं पान. त्याखाली वेगवेगळ्या आयपींवरच्या `.sh` फाइली, प्रत्येकी तीन-चार वेळा. सेशन नंबर पाहिले तर ते सहा हजार फक्त तीन सेशनमधून आलेत. आत शिरून तीच `wget` ची ओळ एकामागून एक मारत राहिलेत.

पण काउरीचं `wget` तर खोटं आहे ना?

---

रेवती_कळवा

इथेच बहुतेक जण फसतात. काउरीचं शेल नाटकी आहे. `ls` मारलं तर दिसणाऱ्या फाइली रंगवलेल्या पडद्यासारख्या, `rm -rf /` मारलं तरी काही होत नाही. पण `wget` आणि `curl` ही दोन पात्रं नाटकातून उठून खरोखर बाजारात जातात. हल्लेखोर जी फाइल आणायला सांगतो ती काउरी तुझ्या आयपीवरून, तुझ्या लाइनवरून खरंच उतरवतो आणि `var/lib/cowrie/downloads` मध्ये ठेवतो. फाइलला नाव म्हणून तिचा शा-२५६ हॅश. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण बॉट कुठला मालवेअर आणतो हे कळणं हाच मोठा नफा. पण याच सोयीचा वापर करून कुणीही तुझ्या मशीनकडून कुठल्याही साइटवर हजारो रिक्वेस्ट पाठवून घेऊ शकतो. तुझ्याबाबतीत तेच झालं. मशीन हॅक झालेलं नाही. त्याने सांगितलेलं काम तुझ्या हनीपॉटने प्रामाणिकपणे केलं, इतकंच.

अलीकडच्या आवृत्त्यांत यावर मर्यादा घातल्या आहेत. तू कुठली टाकलीस?

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर 'हो' असावं अशी मनापासून इच्छा आहे. त्या डेस्कटॉपला नेटवर्क कार्ड एकच आहे ना?

---

महापेकर_अभि

व्हिडिओतल्या लिंकवरून घेतलं होतं, दोन-अडीच वर्षं जुनं असेल.

कार्डं दोन आहेत. एकावर स्टॅटिक आयपी, दुसरं ऑफिसच्या लॅनमध्ये. लॉग माझ्या जागेवरून बघता यावेत म्हणून. सारखं सर्व्हर रूममध्ये कोण जाणार, तिथे एसीचं पाणी गळतं.

---

रेवती_कळवा

वाटलंच होतं. एक प्रयोग कर. साहेबांना सांगून, ऑफिस सुटल्यावर, दहाच मिनिटं. केबल लाव, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे बाहेरच्या माणसासारखा, तुझ्याच हनीपॉटमध्ये `root` आणि कुठलाही पासवर्ड देऊन शीर. मग `curl` ने लॅनमधल्या प्रिंटरचा पत्ता माग. काय दिसतं ते इथे लिही आणि लगेच केबल काढ.

सेक्रेटरी, तुमच्याकडे येते नंतर. विषय अगदीच वेगळा नाही.

---

जुनाजाणता

अवांतर: cowrie म्हणजे आपली कवडी. नावात मजा आहे.

बेलापूरला राहतो, निवृत्त आहे, तरी या विषयाची जुनी ओढ. १९८६ साली अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला हिशेबात ७५ सेंटची तफावत सापडली. तिचा माग काढता काढता कुणीतरी परका आत फिरतोय हे त्याला कळलं. त्याने लगेच दार लावलं नाही. तो माणूस कुठले शब्द शोधतो हे महिनोन्महिने छापून वाचत बसला. लष्करी प्रकल्पांचे शब्द शोधतोय हे कळल्यावर त्याने 'एसडीआयनेट' नावाच्या बनावट प्रकल्पाची लांबलचक कागदपत्रं तयार करून ठेवली. पाहुणा ती उतरवत बसला आणि तेवढ्या वेळात फोनलाइनचा माग जर्मनीतल्या हॅनोवरपर्यंत लागला.

सांगायचा मुद्दा असा, की त्याने आधी पाहुण्याची भूक पाहिली आणि मग ताट वाढलं. अभिने रस्त्यावर ताट मांडलं आणि कोण येतंय ते मोजत बसला. दोन्ही हनीपॉटच, पण कामं वेगळी.

---

महापेकर_अभि

रेवतीताई, केलं. हात थरथरत होते खरंच. पावणेआठला, सगळे गेल्यावर. फोन खिडकीपाशी धरला, शिरलो, `curl` मारलं आणि समोर अख्खं पान: प्रिंटरचं मॉडेल, 'टोनर १८%', आणि खाली अ‍ॅडमिन लॉगिनचा फॉर्म. म्हणजे माझ्या मोबाइलवरून, बाहेरच्या जगातून, मी ऑफिसच्या आतला प्रिंटर वाचत होतो. तोही ज्या मशीनला मी 'सुरक्षिततेसाठी' बसवलं त्याच्या मधून.

दुसरं कार्ड तिथल्या तिथे उपटून काढलं.

---

रेवती_कळवा

शाब्बास, आणि खोटं सांत्वन करत नाही. प्रिंटरच्या जागी टॅलीचा सर्व्हर असता किंवा लॅनमध्ये बिनपासवर्डचं काही वेब पान असतं तर तेही वाचलं गेलं असतं. आता ती वरची `jq` ओळ शेवटचं `head` काढून परत चालव, पण `192.168` ने, `10.` ने आणि `172.16` ते `172.31` ने सुरू होणारे पत्ते शोध. कुणी आतले पत्ते मागितलेत का ते कळेल. त्या मशीनवर आणखी काही चालत असेल तर त्याचेही लॉग बघ.

---

महापेकर_अभि

शोधलं. दोन सेशनमध्ये `192.168.1.1` आणि `192.168.0.1` मागितलंय. आमची लॅन `192.168.10` वर आहे, त्यामुळे हाती काही लागलं नाही. नशीब.

आता परत लावायचा झाल्यास कसा लावू? की नकोच?

---

रेवती_कळवा

लावायचाच असेल तर ऑफिसच्या लाइनवर नको. कुठेतरी स्वस्त भाड्याचं मशीन घे. कंपनीचं नाव, डोमेन, शेजारचा आयपी, कशाशीही संबंध नसलेलं. त्या पुरवठादाराच्या अटी आधी वाच, काही जणांना हनीपॉट चालत नाही. तुमच्या पाच आयपींतल्या एकावरून तुमची मेल जात असणार. हनीपॉटमुळे तो पट्टा काळ्या यादीत गेला असता तर तुमची कोटेशन्स लोकांच्या स्पॅममध्ये पडली असती, आणि ते निस्तरायला महिना गेला असता.

मग बाहेर जाणारं ट्रॅफिक बंद. आत येणाऱ्याला उत्तर द्यायचं, पण हनीपॉटने स्वतःहून नवीन कनेक्शन उघडायचं नाही. मशीनवरच करायचं तर असं:

```
iptables -A OUTPUT ! -o lo -m owner --uid-owner cowrie -m conntrack --ctstate NEW -j REJECT
```

हीच ओळ `ip6tables` साठीही टाकायची, ती बहुतेक जण विसरतात. पण यावर एकट्यावर भिस्त ठेवू नकोस. उद्या काउरीतच भोक निघालं आणि कुणी मशीनचा मालक झाला तर तो ही ओळ पुसून टाकेल. म्हणून तोच नियम मशीनच्या बाहेर, पुरवठादाराच्या फायरवॉलमध्येही हवा. काउरी `root` म्हणून चालवायचा नाही, वेगळा युजर करायचा. लॉग बघायला दुसरं कार्ड जोडायचं नाही. तू तिकडे जाऊन लॉग ओढून आणायचे, तुझ्या आयपीपुरत्या उघड्या ठेवलेल्या वेगळ्या पोर्टवरून. हनीपॉटकडून तुझ्या ऑफिसकडे येणारी एकही वाट नको.

---

नमुनेवाला

रेवती, बाकी सगळं मान्य, पण बाहेर जाणं पूर्ण बंद करायला माझा विरोध आहे. मी ऐरोलीत याच कामात आहे. `wget` फसलं की बरेच बॉट तिथेच सेशन सोडतात. मग पुढचा टप्पा, म्हणजे ते काय आणतात, कसं चालवतात, कुठे फोन करतात, काहीच दिसत नाही. उरतात फक्त पासवर्डच्या याद्या, त्या तर जगभर मिळतात. आम्ही डाउनलोड चालू ठेवतो, पण एका प्रॉक्सीमधून. एका पत्त्यावर तासाला ठरावीकच रिक्वेस्ट, फाइलच्या आकाराला मर्यादा, आणि आतले पत्ते सरळ बंद.

---

रेवती_कळवा

तुमच्याकडे तो प्रॉक्सी बघायला माणसं आहेत. अभि प्रिंटरही बघतो. यूआरएल लॉगमध्ये येतंच. नमुना हवा असेल तर तो वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या हातांनी आणता येतो.

---

नमुनेवाला

येतो, पण कित्येकदा तासाभरात तो सर्व्हर बंद झालेला असतो. असो, यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

---

मृण्मयी_वागळे

मी वेगळ्या बाजूने लिहिते. ठाण्यात वागळे इस्टेटला आमची सीए फर्म आहे. आम्ही बाहेर काही लावलं नाही. आतच एका शेअर्ड फोल्डरमध्ये 'पगारवाढ_अंतिम.xlsx' नावाची फाइल ठेवली. कॅनरी टोकन असलेली, उघडली की मला मेल येते.

चौथ्या दिवशी मेल. काळजात धस्स. मग कळलं की आमच्याच आर्टिकलशिपच्या एका मुलाने उघडली. बिचारा तेवीस वर्षांचा, स्वतःचा पगार वाढलाय का बघत होता. सरांना कळलं आणि त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. नंतर आठवडाभर ऑफिसात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. सगळ्यांना वाटलं मी पाळत ठेवतेय. त्यानंतरच्या दोन मेल आल्या त्या तर माणसाच्याही नव्हत्या, आमच्या बॅकअपच्या जागी फाइली उघडून तपासणारं काहीतरी होतं.

मला अजून कळत नाही की चूक फाइल ठेवण्यात झाली की नाव ठेवण्यात.

---

जुनाजाणता

नाव ठेवण्यात. पगारवाढ ही फाइल चोराला नाही, घरच्यांना खुणावते. मघाशी म्हटलं तेच, भूक कुणाची?

---

रेवती_कळवा

काकांशी सहमत. मृण्मयी, आतलं आमिष असं हवं की ज्याला हात लावायचं कुणाही कर्मचाऱ्याला कारणच नाही. फोल्डरमधली फाइल उघडायला कुतूहल पुरतं. पण लॅनवर एक मशीन आहे, त्याचं नाव कुणाला दिलेलं नाही, कुठल्या शॉर्टकटमध्ये नाही, आणि त्याच्या पोर्टवर कुणीतरी लॉगिन करू बघतंय. याला निरागस कारणं फार थोडी असतात. बाहेरचा हनीपॉट दिवसाला हजार घंटा वाजवतो आणि त्यातल्या एकीचाही तुमच्या कंपनीशी संबंध नसतो. आतला महिनाभर गप्प असतो, आणि वाजला की उठून बघावं लागतं. अभि, तुझ्या कंपनीला खरी गरज या दुसऱ्याची होती.

---

बिनधास्त_बाळ्या

स्कॅनचं मागे घेतो, कलमं माहीत नव्हती. पण मग बाहेरच्या हनीपॉटचा उपयोगच काय? अकरा हजार ओळी जमवून अभिला मिळालं काय?

---

रेवती_कळवा

प्रश्न चांगला आहे. अभि, यशस्वी लॉगिननंतरच्या कमांड काढून बघ. आयपी आणि देश सोडून दे, क्रम बघ.

---

महापेकर_अभि

काल रात्री दोनपर्यंत तेच करत बसलो, बायकोने शेवटी वायफाय बंद करायची धमकी दिली.

वेगवेगळ्या देशांचे आयपी, पण क्रम शब्दशः तोच. आधी `.ssh` फोल्डर उडवायचं, नवीन बनवून स्वतःची किल्ली टाकायची. किल्लीच्या शेवटी `mdrfckr` असं लिहिलेलं. मग `root` चा पासवर्ड बदलायचा. मग `/proc/cpuinfo` मधून कोअर मोजायचे, `free -m` ने मेमरी. मग `/tmp/secure.sh`, `/tmp/auth.sh` असलं काही उडवायचं आणि `hosts.deny` रिकामी करायची. हे शेवटचं कशासाठी?

दुसरा एक गट आहे. ते `/ip cloud print` मारतात, जे लिनक्समध्ये नसतंच. मग `/dev/ttyGSM*` आणि `/var/spool/sms` शोधतात, आणि `D877F783D5D3EF8C` नावाचं काहीतरी. ते तर मला मंत्रासारखं वाटलं.

---

रेवती_कळवा

आता तू वाचायला लागलास. पहिला गट खाण कामगारांचा, क्रिप्टो मायनिंगचा. त्या `mdrfckr` किल्लीवाल्यांना आउटलॉ या नावाने ओळखतात. कोअर मोजतात कारण त्यांना तुझा डेटा नको, तुझी वीज हवी. `/tmp` मधल्या स्क्रिप्ट उडवतात आणि `hosts.deny` रिकामी करतात, कारण त्याच मशीनवर आधी घुसलेल्या दुसऱ्या टोळीने दार आतून लावून घेतलेलं असू शकतं. पासवर्ड बदलणंही त्यातलंच, मागून येणाऱ्याला जागा मिळू नये. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत चौथी सीट पकडून बसल्यासारखं.

दुसरा गट जास्त रंजक. `/ip cloud print` ही मायक्रोटिक राउटरची कमांड. हे लिनक्स आहे की राउटर, हे त्यावरून कळतं. `ttyGSM` आणि एसएमएसचे फोल्डर म्हणजे या मशीनला सिमकार्डवाला मोडेम जोडलाय का. असेल तर त्यावरून एसएमएस पाठवता आणि वाचता येतात, ओटीपीसकट. आणि तुझा मंत्र म्हणजे टेलिग्रामच्या डेस्कटॉप अ‍ॅपचं सेशन ज्या फोल्डरमध्ये असतं त्याचं नाव. तो उचलला तर पासवर्डशिवाय खातं उघडू शकतं.

बाळ्या, हा उपयोग. तुमच्याकडे कुठे सिमवाला एसएमएस गेटवे लिनक्सवर चालत असेल, तर तो पोर्ट २२ उघडा ठेवून बाहेर ठेवायचा नाही, हे यातून कळतं.

---

महापेकर_अभि

आहे. डिस्पॅचचे एसएमएस जातात तो. बाहेर उघडा नाहीये, आत्ताच उठून तपासला.

पण एवढ्यांत एकही माणूस दिसला नाही. सगळे बॉटच. म्हणजे माणसं अशा ठिकाणी येतच नाहीत का?

---

नमुनेवाला

येतात आणि जातात, तुला कळत नाही. तुझं होस्टनेम काय होतं?

---

महापेकर_अभि

`svr04`. आणि `/home` मध्ये `phil` नावाचा कुणीतरी. मी बदललं नव्हतं.

---

नमुनेवाला

तो `phil` जगातल्या हजारो मशीनवर राहतो. काउरीबरोबरच येतो. थोडं वाचलेला कुणीही `svr04` बघून हसत बाहेर पडेल. नाव बदललंस तरी पूर्ण लपत नाही. २०१८ साली वेटर्ल आणि क्लेटन या दोघांनी दाखवलं की असे हनीपॉट तयार लायब्ररींवर उभे असल्याने प्रोटोकॉलची उत्तरं अस्सल ओपनएसएसएचपेक्षा बारीकशी वेगळी देतात. लॉगिन न करताही ओळखू येतात. त्यांनी इंटरनेटभर शोधून साडेसात हजारांवर हनीपॉट मोजले होते. त्यामुळे तुझ्या लॉगमध्ये माणूस नाही याचा अर्थ माणूस आला नाही असा नाही. तुझा लॉग म्हणजे न ओळखणाऱ्यांची यादी.

---

मृण्मयी_वागळे

एक शंका. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना सहा तासांत कळवायची असते ना? मग हनीपॉटमध्ये कुणी शिरलं तर ती 'घटना' धरायची का?

---

रेवती_कळवा

मी दोन वकिलांना विचारलं, दोन उत्तरं मिळाली. एक म्हणाले, शिरू द्यायलाच ठेवलंय तर 'अनधिकृत प्रवेश' कसला. दुसरे म्हणाले, यंत्रणा तुमची आहे, लेखी धोरण नसेल तर तुम्ही कशावरून ठरवणार. माझा स्वतःचा नियम: बाहेरच्या बॉटचं कळवत नाही, आतल्या आमिषाला हात लागला आणि कारण खरं निघालं तर कळवते. पण हे माझं मत, तुम्ही तुमच्या वकिलांना विचारा.

सेक्रेटरी, तुमचं राहिलं होतं. २०१६ साली मिराई नावाचा बॉट डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांतच घुसायचा, कारखान्यातून आलेले `root` / `xc3511` असले पासवर्ड वापरून. आजही त्याची नातवंडं फिरतात. अभिच्या लॉगमधले कित्येक 'हल्लेखोर' म्हणजे कुठल्यातरी वॉचमनच्या केबिनमधला डीव्हीआर असू शकतो. राउटरमधलं ते पोर्ट उघडलेलं बंद करा, डीव्हीआर बंद-चालू करा आणि पासवर्ड बदला. क्रम हाच ठेवा. मिराईसारखा बॉट मेमरीत राहतो, बंद-चालू केल्यावर जातो, पण पोर्ट उघडं राहिलं तर चहा होईपर्यंत परत येतो.

---

सोसायटी_सेक्रेटरी

रविवारी पोर्ट बंद केलं. इंटरनेट सुधारलं आहे, पण आता चेअरमनना मोबाइलवर कॅमेरा दिसत नाही. त्यांनी मीटिंग बोलावली आहे.

---

महापेकर_अभि

तीन आठवड्यांनी अपडेट. आयएसपीला लेखी खुलासा दिला, लाइन वाचली. साहेबांना 'आपल्यावर डोळा आहे' हे मागे घेतल्याचंही सांगितलं, ते जास्त जड गेलं.

बाहेरचा हनीपॉट बंदच ठेवलाय. आत, सर्व्हरच्या रांगेत, एक छोटं आमिष लावलं. नाव बाकीच्या सर्व्हरसारखंच, शेवटचा आकडा फक्त पुढचा. बाहेर जायची वाट नाही. सतरा दिवस शांत. मग गेल्या मंगळवारी सकाळी ९:४० ला वाजलं. बुधवारी परत ९:४०. अकाउंट्समधल्या शिंदेकाकूंच्या पीसीवरून. पोर्ट ८०, मग १६१, मग ९१००. काकूंना विचारायच्या आधी त्यांचा पीसी बघितला तर प्रिंटर भाड्याने देणाऱ्या माणसाने सोमवारी येऊन टोनर मोजायचं काहीतरी टाकून गेलाय. ते रोज सकाळी अख्खी लॅन धुंडाळतं.

काकूंचा पीसी अपवादात टाकू का? रोज सकाळी घंटा वाजतेय.

---

रेवती_कळवा

अख्खा पीसी नको. उद्या त्याच पीसीवरून कुणी खरंच शिरलं तर तुला कळणार नाही. फक्त त्या तीन पोर्टांवर, त्या वेळेला, लॉगिनशिवाय आलेलं गाळ. त्याच पीसीवरून २२ किंवा ४४५ ला हात लागला तर वाजलंच पाहिजे. आणि मुळात ते सॉफ्टवेअर काकूंच्या पीसीवर कशाला? प्रिंटरवाल्याला फोन केलास का?

---

महापेकर_अभि

केला. म्हणाला, "साहेब, ते आपोआप होतं, आम्ही काही करत नाही."